किलोचा बाजार, काडीचा बाजार

जानेवारी २०१७ मध्ये छत्तीसगडमधल्या भाजीचे भाव इतके कोसळले होते की तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. नोटाबंदीला दोन महिने होत आले होते. तेव्हा रायपुरात शेतकऱ्यांनी निषेध म्हणून जवळपास लाखभर किलो भाजी फुकट वाटली आणि ती घ्यायला लोकांची झुंबड उडाली. तीन वर्षांनी, मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदी लागली. लग्ने थांबली, देवळांची दारे बंद झाली, आणि महाराष्ट्र-कर्नाटकातल्या पॉलिहाउसमधली फुले रोज तोडून बांधावर टाकावी लागली. ती फुकट न्यायलाही कोणी आले नाही. त्याच आठवड्यांत भाजीच्या गाड्यांना मात्र वाट मोकळी होती. काही उत्पादकांनी जरबेराची उभी झाडे उपटून त्याच गादीवाफ्यांवर काकडी आणि ढोबळी मिरची लावली.

भाजी आणि फूल यांच्या विक्रीतला फरक या दोन प्रसंगांत उघडा पडतो. भाजीचा भाव पडला तरी तिला खाणारी तोंडे असतात. टोमॅटो स्वस्त झाला की घरात चटणी जास्त होते, खानावळीत रस्सा दाट होतो आणि उरलेला माल जनावरांपुढे जातो. फुलाचे तसे नाही. ज्या दिवशी मांडव नाही, त्या दिवशी ग्लॅडिओलसचा भाव निम्मा केला म्हणून कोणी दुप्पट काड्या घेत नाही. फुलशेती शिकणाऱ्या विद्यार्थ्याने लागवडीचे तंत्र शिकण्याआधी हा मुद्दा नीट पचवावा, कारण पुढची जात, रंग, लागवडीची तारीख आणि तोडणीची वेळ हे सगळे निर्णय यातूनच निघतात.

रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावरच्या भनपुरीत हा फरक आणखी एका टोकावरून दिसतो. औद्योगिक वसाहत आणि मालमोटारींचे तळ यांच्यामध्ये तिथे कांदा-बटाट्याचा ठोक व्यापार चालतो. कांदा हा थांबणारा माल आहे. आज भाव नसेल तर व्यापारी गोणी उचलून ठेवतो आणि महिनाभराने काढतो. टोमॅटो इतका थांबत नाही, पण पिकायला लागलेला असतानाच तोडला तर त्याला चार-सहा दिवसांचा अवकाश मिळतो. दांडीचे फूल या रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहते. ते टिकत नाही असे म्हणणे अर्धे खरे आहे. चांगला हाताळलेला गुलाब फुलदाणीत आठवडाभर सहज राहतो. पण हा आठवडा गिऱ्हाइकाचा असतो आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाने मोजलेले असतात. वाटेत आणि बाजारात गेलेला प्रत्येक दिवस त्या आठवड्यातूनच वजा होतो.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘फुलांचा बाजार’ म्हणताना दोन वेगळे बाजार एकाच छपराखाली येतात. पुण्याच्या मार्केट यार्डातले फुलांचे बाजारभाव वर्तमानपत्रात वाचले तर झेंडू, शेवंती आणि मोगरा किलोने दिलेले दिसतात, तर जरबेरा, कार्नेशन आणि डच गुलाब नगांवर. गुलछडी दोन्हीकडे येते. सुटी गुलछडी किलोने विकली जाते आणि गुलछडीची काडी मोजून. पीक एकच, पण वाटा दोन. सुट्या फुलांसाठी एकेरी पाकळ्यांची जात लावतात, कारण तिला वास जास्त आणि माळेत ओवायला ती सोपी. तिची एकेक कळी पहाटे खुडली जाते. काडीसाठी दुहेरी जात घेतात, आणि दांडीवरची सगळ्यात खालची एक-दोन फुले उमलू लागली की सबंध दांडी कापतात. सुटी गुलछडी विकणारा शेतकरी वागण्याने भाजीवाल्याच्या जवळचा आहे. तो वजनावर पैसे घेतो. एखादी कळी दबली तरी वजनात ती मोजली जाते, आणि रोजच्या देवपूजेमुळे त्याच्या मालाला थोडीफार मागणी बाराही महिने राहते. काडी विकणाऱ्याला यांतला एकही आधार नाही.

वजनाऐवजी नग आला की प्रतवारीचा अर्थच बदलतो. वांगे थोडे वाकडे असले तरी भाजीच्या ढिगात खपते, फार तर किलोमागे दोन रुपये कमी मिळतात. जरबेराची दांडी वाकडी असली तर सजावटवाल्याला ते फूल रचनेत उभेच करता येत नाही. डच गुलाबाची प्रतवारी दांडीच्या लांबीवर होते: ४०, ५०, ६० सेंटिमीटर आणि त्याच्या पुढे. २० काड्यांची एक जुडी बांधतात, आणि जुडीतली सगळी फुले एकाच लांबीची, एकाच रंगाची आणि एकाच उमलण्याच्या टप्प्यावरची असावी लागतात. त्यातले एक फूल जास्त उमललेले निघाले तर भाव त्या फुलाचा नव्हे, सबंध जुडीचा पडतो. करपा पडलेली एक पाकळी, बाहेरच्या पाकळीवर भुरीचा डाग किंवा फुलकिड्यांनी खरवडलेली कड यांतले काहीही चालत नाही. भाजीत कीड हे उत्पादन घटण्याचे कारण असते. दांडीच्या फुलात उत्पादन तेवढेच राहूनही कीड उत्पन्न शून्यावर आणू शकते.

म्हणजे खालच्या प्रतीचा माल फेकायचाच असतो असे नाही. मांडवाच्या भिंती फुलांनी भरणाऱ्या कारागिरांना आखूड दांडीची, वाकडी पण टवटवीत जरबेरा चालते, कारण दांडी ते कापूनच टाकतात. पण हा माल वेगळ्या जुडीत, वेगळे नाव सांगूनच द्यावा लागतो. चांगल्या जुडीच्या पोटात चार वाकड्या काड्या लपवणारा उत्पादक तिसऱ्या खेपेला ओळखला जातो. मग त्याच्या प्रत्येक जुडीचा कागद आधी उकलून पाहिला जातो आणि मगच भाव ठरतो.

आता तारखेचा प्रश्न. कोबी लावणारा शेतकरीही हंगाम पाहतो, पण त्याचा हिशेब आठवड्यांचा असतो. फुलांच्या उत्पादकाला पंचांग लागते. छत्तीसगडमध्ये लग्नाचा मोसम देवउठनी एकादशीला, म्हणजे तिथल्या बोलीत जेठौनीला, सुरू होतो. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमासामुळे मुहूर्त नसतात. मग पुन्हा लग्ने लागतात, आणि अक्षय्य तृतीयेला, ज्याला छत्तीसगडी माणूस अक्ती म्हणतो, त्यांचा कळस होतो. आषाढात देव झोपले की सगळे थंडावते. त्यात दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास येतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे उन्हाळी लग्नसराईच्या ऐन मध्यात महिनाभराची पोकळी. टोमॅटोवाल्याला ही तारीख माहीत नसली तरी चालते.

पंचांग हातात घेऊन मागे मोजत यायचे, ही काडीच्या फुलांच्या नियोजनाची पहिली पायरी. ग्लॅडिओलस हे त्याचे सोपे उदाहरण आहे, कारण ते उघड्या शेतात येते आणि पॉलिहाउसचा खर्च नसतो. जातीनुसार कंद लावल्यापासून साधारण ८० ते १०० दिवसांत दांडी कापायला येते. जेठौनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात असेल तर लागवड ऑगस्टच्या सुरुवातीला यायला हवी. पण ऑगस्ट हा छत्तीसगडात भर पावसाचा महिना. जमीन जड असेल, पाणी साचत असेल तर कंदाला मर लागते. म्हणून उंच गादीवाफे, निचरा आणि कंदांना बुरशीनाशकाची प्रक्रिया या गोष्टींना तिथे दुसरा पर्यायच नाही. शिवाय सगळे कंद एकाच दिवशी लावून चालत नाहीत. दर १० ते १५ दिवसांनी एकेक टप्पा लावला तर फुलेही टप्प्याटप्प्याने येतात आणि एखादा टप्पा थंडीने किंवा ढगाळ हवेने मागेपुढे झाला तरी सगळा हंगाम हातचा जात नाही.

प्रत्येक फूल मात्र असे तारखेच्या हुकमात राहत नाही. शेवंतीला रात्र लांबली की कळी धरते, त्यामुळे रात्री दिवे लावून किंवा दिवसा काळे कापड ओढून तिची तारीख हलवता येते. गुलाबाला छाटणीने वळवता येते. जरबेरा कोणाचेच ऐकत नाही. एकदा झाड लागले की ते दोन-अडीच वर्षे रोज फुले देत राहते, मुहूर्त असो वा पितृपक्ष.

गुलाब कसा वळवतात हे पाहायला मावळात जायला हवे. पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे आणि पवनेच्या खोऱ्याच्या आसपास, डच गुलाबाची पॉलिहाउस दाटीने उभी आहेत. तळेगावला औद्योगिक विकास महामंडळाने फुलशेतीसाठी स्वतंत्र पार्क केले आहे आणि काढणीपश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्थाही तिथेच आहे. या पट्ट्याचे सगळे वर्ष १४ फेब्रुवारीभोवती फिरते. युरोपातल्या दुकानात त्या दिवशी लाल गुलाब हवा असेल तर तो तिथल्या घाऊक व्यापाऱ्याकडे काही दिवस आधी पोहोचायला हवा. म्हणून निर्यातीची तोडणी २५-२६ जानेवारीच्या सुमाराला सुरू होते आणि १० फेब्रुवारीपर्यंत चालते. शेवटचे चार दिवस देशातल्या बाजाराचे. मावळातल्या थंडीत छाटल्यापासून फूल यायला ४५ ते ५० दिवस लागतात. मागे मोजले की छाटणीची तारीख डिसेंबरच्या मध्याला येते.

कागदावर हे एवढेच आहे. प्रत्यक्षात डिसेंबर-जानेवारीतली थंडी हिशेब बिघडवते. रात्रीचे तापमान फार उतरले की वाढ मंदावते आणि फूल आठवडाभर उशिरा येते. उबदार हवा राहिली तर माल २० जानेवारीलाच तयार होतो, जेव्हा त्याला कोणी विचारत नाही. म्हणून अनुभवी उत्पादक सगळी घरे एका दिवशी छाटत नाही. तो चार-पाच दिवसांच्या अंतराने भाग पाडतो, रात्री पडदे खाली ओढून ऊब धरतो आणि जानेवारीच्या सुरुवातीला कळी वाटाण्याएवढी झाली का, हे पाहून पुढचा अंदाज बांधतो. कळीवर जाळीदार टोपी चढवण्याची पद्धतही तिथे रूढ आहे. टोपीमुळे पाकळ्या आवळलेल्या राहतात आणि कळीला आकार धरायला वेळ मिळतो. इतके करूनही पंधरा तारखेच्या सकाळी उरलेल्या लाल गुलाबाला कालचा भाव मिळत नाही. भाजीच्या कोणत्याही पिकात किंमत एका रात्रीत अशी संपत नाही.

मावळातला आणखी एक धडा कमी चर्चेत येतो. निर्यातीचा भाव मोठा दिसतो, पण निर्यातीला लागणारी निवडही तेवढीच कडक असते. पाच पेट्यांचा माल तोडला तर त्यातला काहीच भाग परदेशी जाण्याच्या लायकीचा निघतो. उरलेल्या मालासाठी मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा दिल्लीचे गिऱ्हाईक आधीपासून जोडलेले नसेल तर नफा तिथेच गळतो. त्यात विमानाचे भाडे पेटीच्या वजनावर नव्हे, आकारमानावर लागते. साधारण ६,००० घन सेंटिमीटर जागेला एक किलो धरतात. एक मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच पेटी म्हणजे १,२०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे भाडे २० किलोचे, मग आतल्या फुलांचे वजन त्याहून कितीही कमी असो. विषुववृत्ताजवळच्या उंच पठारांवर, केनियात आणि इथिओपियात, वर्षभर एकसारखी हवा आणि युरोपला जवळची वाट आहे. त्यांच्याशी या भाड्यात स्पर्धा करणे अवघड जाते. अलीकडच्या काही वर्षांत फेब्रुवारीत देशातला भाव निर्यातीला तोडीस तोड किंवा वरचढ राहिला, आणि बऱ्याच मावळी उत्पादकांनी माल देशातच ठेवला. ते शहाणपणाचेच होते.

हे शहाणपण एका मोठ्या पडझडीनंतर आले आहे. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने परदेशी रोपे आणि कंद आणण्याची वाट मोकळी केली, आणि नव्वदच्या दशकात फुलांच्या निर्यातीसाठी कंपन्यांवर कंपन्या निघाल्या. हॉलंडहून काचघरांचे तंत्र आले, रोपे आली, बँकांचे कर्ज आले. दशक संपता संपता यातल्या बऱ्याच बंद पडल्या. त्यांना गुलाब पिकवता आला नाही असे नव्हे. विमानतळावर शीतगृह नव्हते, माल उन्हात ताटकळला, भाडे अंदाजाबाहेर गेले, आणि जी जात लावली ती हॉलंडच्या बाजारातून बाहेर पडू लागलेली होती. गुलाबाच्या रंगाची आणि आकाराची हवा काही वर्षांत बदलते. झाड मात्र पाच-सहा वर्षे जागा अडवून बसते. फुलांच्या पुस्तकी उत्पादनखर्चात या ‘जुन्या झालेल्या जाती’चा खर्च क्वचितच दिसतो. भाजीत जात आवडली नाही तर पुढच्या हंगामात दुसरे बियाणे पेरता येते.

तोडणीपासून बाजारापर्यंतच्या वाटेत काय बिघडते हे जरबेरावर नीट दिसते. छत्तीसगडमध्ये रायपूर, दुर्ग, राजनांदगावच्या आसपास अनुदानावर उभ्या राहिलेल्या पॉलिहाउसमध्ये हेच फूल जास्त दिसते. जरबेराची दांडी कात्रीने कापत नाहीत. मुळाशी धरून किंचित पिळा देऊन उपटतात, म्हणजे मागे उरलेला खुंट कुजत नाही. मधल्या चकतीतल्या बाहेरच्या दोन-तीन ओळींत पराग दिसू लागले की फूल तयार. त्याआधी तोडले तर दांडी पुरेशी टणक झालेली नसते, आणि फूल पाण्यात ठेवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान टाकते. गिऱ्हाईक त्याला ‘शिळे फूल’ म्हणते. खरे तर ते कोवळे तोडलेले असते. उपटलेल्या दांडीचा तळाचा दोन-तीन सेंटिमीटरचा टणक भाग कापावा लागतो, कारण त्यातून पाणी वर चढत नाही. मग लगेच क्लोरीन टाकलेल्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत. मान टाकण्याचे दुसरे कारण या बादलीतच असते. पाण्यात जिवाणू वाढले की ते दांडीच्या नळ्या तुंबवतात. बादलीचा काठ बोटाला बुळबुळीत लागला तर त्या दिवशीचा माल पाच दिवस टिकणार नाही हे शेतावरच कळते.

पुढे प्रत्येक फुलावर प्लॅस्टिकची पातळ टोपी चढते, १० फुलांची जुडी बांधली जाते आणि ती थंड खोलीत जाते. जरबेरा सुमारे ४ अंशांवर दोन-तीन दिवस राहू शकते, गुलाब २ ते ४ अंशांवर. पण अँथुरियम आणि ऑर्किड ही उष्ण प्रदेशातली फुले तेवढ्या थंडीत काळवंडतात. त्यांना १२-१३ अंशांच्या खाली नेऊ नये. एकाच शीतखोलीत सगळे कोंबण्याची चूक नव्या व्यापाऱ्यांकडून हमखास होते. त्याहून महागडी चूक म्हणजे फुले भाजीच्या गाडीत घालणे. पिकणारे टोमॅटो, केळी आणि आंबे इथिलीन वायू सोडतात. कार्नेशनला तो अत्यल्प प्रमाणातही सोसत नाही. त्याच्या पाकळ्या आत वळतात आणि फूल झोपल्यासारखे मिटते. दुर्ग जिल्ह्यातल्या धमधा भागातून टोमॅटोच्या गाड्या राज्याबाहेर जातात. रिकाम्या कोपऱ्यात चार पेट्या फुलांच्या टाकल्या तर भाडे वाचेल असे वाटणे साहजिक आहे. ते भाडे कार्नेशनमधून वसूल होते, तेही बाजारात पोहोचल्यावर. ग्लॅडिओलस वेगळेच दुखणे काढतो. त्याची दांडी आडवी ठेवली की शेंडा वर वळतो आणि कायमचा वाकडा होतो, म्हणून ती उभीच न्यावी लागते. टोमॅटोच्या क्रेटला असला काही हट्ट नसतो.

विकण्याच्या पद्धतीकडे वळले की एक गमतीची गोष्ट समोर येते. हॉलंडमधला उतरत्या भावाचा लिलाव आज फुलांची ओळख बनला आहे. घड्याळाचा काटा चढ्या भावापासून खाली सरकतो, आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. पण या पद्धतीची सुरुवात फुलांनी केली नव्हती. १८८७ मध्ये उत्तर हॉलंडमधल्या ब्रूक ऑप लांगेडाइक या कालव्यांच्या गावात होडीतून आणलेल्या फुलकोबीचा असा लिलाव झाला. आल्समेरच्या फुलउत्पादकांनी हीच रीत १९११-१२ च्या सुमाराला उचलली. नंतर फासा उलटला. १९९६ मध्ये हॉलंडमधली अनेक भाजीपाला लिलावगृहे एका कंपनीत विलीन झाली, आणि भाजी घड्याळावरून उतरून सुपरमार्केटच्या थेट करारांवर गेली. फुले घड्याळाशी टिकून राहिली.

कारण विचार करण्याजोगे आहे. टोमॅटो हा बऱ्याच अंशी एकसारखा माल झाला आहे. सुपरमार्केटला दर आठवड्याला ठरावीक टन लागतात आणि मागणीचा अंदाज करता येतो. फुलांच्या जाती हजारोंनी, रंगांच्या छटा त्याहून अधिक, आणि मागणी आजच्या मयतावर, उद्याच्या लग्नावर अवलंबून. अशा मालाचा भाव आधी ठरवता येत नाही, तो रोज शोधावा लागतो. शिवाय घड्याळापुढे बसलेला व्यापारी जुडी हातात घेऊन पाहत नाही. तो उत्पादकाचा क्रमांक आणि तपासनिसाने दिलेली प्रत वाचून बटण दाबतो. भारतात बेंगळुरूला हेब्बाळमध्ये असे लिलाव केंद्र आहे. दादर किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात मात्र पहाटेच्या अंधारात आडत्याच्या गाळ्यावरच व्यवहार होतो, आणि तिथे तपासनीस म्हणजे आडत्याची आठवण. कोणाची जुडी सारखी असते, कोणाची नसते, हे त्याला पाठ असते. भाजीच्या आडतीतही ओळख चालते, पण तिथे काटा दोघांच्या समोर असतो. फुलात काटाच नाही.

आता रायपूरजवळच्या एका कल्पित पण व्यवहारी उदाहरणाचा हिशेब करून पाहू. एका उत्पादकाचे १,००० चौरस मीटरचे जरबेराचे पॉलिहाउस आहे. चौरस मीटरला सहा झाडे धरली तर ६,००० झाडे. चांगल्या व्यवस्थापनात चौरस मीटरमागे वर्षाला २०० फुले धरायला हरकत नाही. म्हणजे वर्षाला दोन लाख फुले, दिवसाला सरासरी ५५० फुले, १० च्या ५५ जुड्या. लागवड पाच रंगांची केली असेल तर प्रत्येक रंगाच्या ११ जुड्या. हे आकडे वरकरणी सुखाचे दिसतात.

मग जेठौनीच्या आदल्या दिवशी सजावटवाल्याचा फोन येतो. त्याला एका मांडवासाठी ३,००० फुले हवी आहेत, सगळी पांढरी आणि गुलाबी. उत्पादकाकडे त्या दिवशी या दोन रंगांची मिळून २२० फुले आहेत. शीतखोली असेल तर तीन दिवसांची साठवून ६६० होतील. सजावटवाला त्याच्याकडून २२ जुड्या आणि बाकीच्या दहा ठिकाणांहून गोळा करत बसणार नाही. तो सगळा माल बाहेरच्या व्यापाऱ्याकडून एकदमच मागवतो. त्याच उत्पादकाकडे अधिक महिन्याच्या ३० दिवसांत १६,५०० फुले येतात आणि तेव्हा फोन वाजत नाही. स्थानिक फूल ताजे, वाहतुकीचा खर्च कमी, तरी लग्नाचा माल दूरवरून येतो. हे कोडे बेपर्वाईचे नाही, संख्येचे आहे. भाजीवाल्याला ते पडत नाही, कारण पसरा मांडणारी बाई पाच किलो वांगीही घेते आणि पन्नासही, आणि वांग्याच्या रंगावरून कोणाचे लग्न अडत नाही.

त्यात छत्तीसगडच्या हवेची भर. अक्तीच्या सुमाराला, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये, रायपूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो. नुसत्या खिडक्यांच्या पॉलिहाउसमध्ये त्या दिवसांत जरबेराचे फूल लहान होते, दांडी आखूड राहते आणि लाल कोळी झपाट्याने वाढतो. म्हणजे सरासरी ५५० हा आकडा सरासरीच आहे: थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. मागणीचा कळस आणि प्रतीचा तळ एकाच आठवड्यात भेटतात. शेडनेट, फॉगर आणि पांढऱ्या रंगाचा लेप यांनी थोडा दिलासा मिळतो, पण नागपूर-रायपूरच्या उन्हाळ्यात मावळातली दांडी मिळेल अशी अपेक्षा प्रकल्प अहवालात लिहिणे धोक्याचे आहे. बँकेला दाखवलेल्या बऱ्याच अहवालांत बारा महिन्यांचे उत्पादन आणि बारा महिन्यांचा भाव सारखा धरलेला असतो. विद्यार्थ्यांनी असा अहवाल हातात आला की सगळ्यात आधी हे पान उघडावे.

मग अशा उत्पादकाने काय करायचे? एक वाट रंगांची आहे. पाच रंगांऐवजी दोन किंवा तीन रंग लावले आणि शेजारच्या चार-पाच उत्पादकांनी उरलेले रंग वाटून घेतले, तर प्रत्येक रंगाच्या ११ जुड्यांच्या जागी १८ ते २७ होतात आणि सगळ्यांची मिळून मोठी मागणी पुरी करता येते. यात खरी अडचण पिकाची नसून प्रतवारीची आहे. पाच शेतांवरच्या पाच मजुरांनी बांधलेली जुडी एकसारखी दिसायला हवी, नाहीतर सगळ्यांचा भाव सगळ्यात खराब जुडीवर ठरतो. म्हणून प्रतवारी शेतावर न करता एका थंड खोलीत, एकाच माणसाच्या हाताखाली करावी लागते. त्या माणसाची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची आणि कोणाची किती फुले खालच्या प्रतीत गेली याची वही सगळ्यांसमोर उघडी ठेवायची. दूध संकलनात फॅट मोजण्यावरून जी भांडणे होतात, त्याच जातीची भांडणे इथेही होतात. वही उघडी असली तर ती लवकर मिटतात.

दुसरी वाट मुहूर्त नसलेल्या दिवसांची आहे. हॉटेले, कार्यालये, रुग्णालयांबाहेरची पुष्पगुच्छांची दुकाने यांना मुहूर्त लागत नाही. त्यांना रोज थोडी पण नेमाने फुले लागतात. सोमवारी आणि गुरुवारी ठरलेल्या जुड्या, ठरलेल्या भावाने देण्याचा करार केला तर लग्नसराईत चढा भाव सोडावा लागतो, हे खरे. पण रोजच्या ५५ जुड्यांपैकी सरासरी १५ जुड्या हमखास जाणे, हे अधिक महिन्यात १६,५०० फुलांपैकी ४,५०० वाचवते. उरलेल्या ४० जुड्यांसाठी काही उत्पादक त्या महिन्यात कळ्या काढून टाकतात, जुनी पाने विरळ करतात आणि झाडाला पुढच्या बहरासाठी विसावा देतात. ही फुले फेकण्यापेक्षा न पिकवणे स्वस्त पडते, कारण तोडणी, टोपी, जुडी आणि गाडीभाडे वाचते.

या सगळ्यात एक छोटी सवय फार उपयोगी पडते, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. रोजच्या मालातली एक जुडी बाजारात न पाठवता शेतावरच साध्या नळाच्या पाण्यात ठेवायची, तारखेची चिठ्ठी लावायची आणि मान कधी टाकली ते लिहून ठेवायचे. जुडी नेहमी सात दिवस राहत असेल आणि एका आठवड्यात चारवर आली, तर बादली, तोडणीची वेळ किंवा शीतखोलीचे तापमान यांपैकी काहीतरी बिघडलेले असते, आणि सजावटवाल्याची तक्रार येण्याआधी ते सापडते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयासारख्या संस्थेत पुष्पशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे एका फडताळावर करता येईल: एकीकडे पहाटे सहाला तोडलेल्या जुड्या, दुसरीकडे दुपारी एकला तोडलेल्या, काही लगेच पाण्यात ठेवलेल्या, काही दोन तास सावलीत कोरड्या पडलेल्या. मे महिन्यात हा प्रयोग केला तर फरक तिसऱ्याच दिवशी दिसू लागतो.